मार्चचे सौदे, जूनचे भाव

मी ज्या विभागात काम करतो, तिथे निर्देशांकाच्या वायद्यांवर आपोआप सौदे करणारे काही प्रोग्रॅम चालतात आणि त्यांची देखरेख माझ्याकडे असते. त्यांपैकी एका प्रोग्रॅमच्या बाबतीत वायद्याची मुदत संपण्याच्या आठ दिवस आधी, एका गुरुवारी, जे घडले ते आमच्या नोंदवहीत ‘नुकसान नाही’ या सदरात जमा झाले आहे. ते सदर मला आजही पटलेले नाही.

हा प्रोग्रॅम एस अँड पी ५०० या अमेरिकन शेअर निर्देशांकाच्या ई-मिनी वायद्यात काम करतो. या वायद्याचे प्रमुख करार मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबर असे तिमाही असतात, त्या त्या महिन्याच्या तिसऱ्या शुक्रवारी त्यांची मुदत संपते आणि निर्देशांकाचा एक पॉइंट हलला की एका करारामागे ५० डॉलरचा फरक पडतो. प्रोग्रॅमचा नियम साधा आहे. पंधरा मिनिटांच्या भावनोंदींवर तो चालतो, मागील वीस दिवसांचा उच्चांक ओलांडला की खरेदी करतो आणि खरेदीनंतर दिसलेल्या सर्वोच्च भावाच्या ६० पॉइंट खाली स्टॉप ऑर्डर ठेवतो, म्हणजे भाव तिथवर उतरला की आपोआप विक्री होते. त्या दिवशी त्याच्याकडे मार्चचे सहा करार खरेदीच्या बाजूने होते, सर्वोच्च भाव ५६३२ होता आणि स्टॉप ५५७२ वर एक्स्चेंजमध्ये उभा होता. मार्चमधून जूनमध्ये जाण्याचा आमचा दिवस मुदतीच्या आठवड्यातला सोमवार असा ठरलेला होता, कारण बहुतांश उलाढाल त्या सुमारास पुढच्या करारात सरकलेली असते.

जूनचा भाव त्या वेळी मार्चपेक्षा सुमारे ४८ पॉइंट वर होता. बाहेरच्या माणसाला यात बाजाराची काही अपेक्षा दडली आहे असे वाटते, परंतु तसे काही नसते. पैसे तीन महिने अडकवून ठेवण्याचे व्याज, त्यातून त्या काळात मिळणारा लाभांश वजा, एवढाच तो फरक. बाजार तसूभरही न हलता एका करारावरून दुसऱ्यावर नजर वळवली, तरी भाव ४८ पॉइंटांनी उडी मारल्यासारखा दिसतो. म्हणूनच भावांची मालिका आणि ऑर्डरींचा करार हे दोन्ही एकाच क्षणी बदलावे लागतात आणि प्रोग्रॅमच्या स्मरणातला प्रत्येक जुना भाव तेवढ्याच फरकाने सरकवावा लागतो.

आमच्याकडे भाव एका पुरवठादाराकडून ‘अखंड मालिका’ या स्वरूपात येत असत. म्हणजे आम्ही करार न सांगता फक्त वायदा सांगायचा आणि कोणता करार दाखवायचा ते त्यांनी ठरवायचे. त्यांनी आपला नियम बदलला आणि सोमवारऐवजी मुदतीच्या आठ दिवस आधीच्या गुरुवारी मालिका जूनवर नेली. बदलाची सूचना त्यांनी पाठवली होती, पण ती आमच्याकडे बिले भरणाऱ्या विभागाच्या पत्त्यावर. शिवाय त्यांची थेट मालिका कच्च्या भावांची असते. मागचे भाव जुळवून घेतलेली आवृत्ती रात्री वेगळ्या फाइलमध्ये येते. ज्या सेवेच्या नावातच अखंडता आहे, तिने जोडाचा सांधा ग्राहकाला न दाखवता टाकावा, हे मला अजूनही बेजबाबदारपणाचे वाटते.

सत्राच्या सुरुवातीला मालिकेतला भाव ५६०१ वरून थेट ५६४९.५० झाला. वीस दिवसांचा उच्चांक ५६३२ असल्यामुळे प्रोग्रॅमने तो ओलांडला असे मानले आणि नियमाप्रमाणे दोन करार आणखी विकत घेतले. मात्र ऑर्डरीचा करार मार्चच होता, त्यामुळे ती खरेदी ५६०१.७५ ला झाली. पुढच्या नोंदीत ५६५१ हा भाव दिसला, तेव्हा आणखी दोन करार ५६०३ ला घेतले गेले. सर्वोच्च भाव आता ५६५१ धरला गेला आणि स्टॉप आपोआप ५५९१ वर आला. मार्चचा खरा भाव ५६०३ होता. एकतीस पॉइंट दूर असायला हवा तो स्टॉप केवळ बारा पॉइंटांवर येऊन बसला होता, तोही सहाऐवजी दहा करारांसाठी.

यावर एकही इशारा वाजला नाही. अपेक्षित भाव आणि प्रत्यक्ष भाव यांतील तफावत मोजणारा इशारा आमच्याकडे आहे, परंतु तो तयार करणाऱ्यांनी फक्त प्रतिकूल तफावतीचा विचार केला होता. ५६४९.५० च्या अपेक्षेवर ५६०१.७५ ला खरेदी म्हणजे ४७.७५ पॉइंटांचा फायदा, आणि फायद्याला कोण हरकत घेणार, असा त्यामागचा हिशेब. मला मात्र लॉगमध्ये हीच ओळ खटकली. एवढ्या खोल बाजारात दोन-चार करारांच्या ऑर्डरीला पाव किंवा अर्ध्या पॉइंटाचा फरक पडतो, ४७.७५ चा कधीच नाही. त्याखालच्या ओळीत ४८.०० हा जवळपास तोच आकडा होता, आणि बाजारातली खरी तफावत अशी स्थिर राहत नाही. मग मी उलाढालीचा रकाना पाहिला. भाव ४८ पॉइंट उडाला त्याच नोंदीत उलाढाल एकदम खाली आली होती, कारण जूनमध्ये अजून व्यवहार कमी होते. खरी उसळी येते तेव्हा उलाढाल फुगते. भाव उडाला आणि उलाढाल आटली, की करार बदलला असे समजावे.

अशा वेळी प्रोग्रॅम सरळ बंद करावा असे वाटणे स्वाभाविक आहे, पण आमच्या रचनेत जोडणी तुटली की उभ्या असलेल्या सर्व ऑर्डरी रद्द होतात, म्हणजे दहा करार स्टॉपशिवाय उघडे पडले असते. म्हणून मी प्रथम नवीन खरेदी थांबवून प्रोग्रॅम केवळ सौदे कमी करू शकेल अशा स्थितीत टाकला आणि मग स्टॉप हाताने पुन्हा ५५७२ वर नेला. त्यानंतर जास्तीच्या चार करारांचा प्रश्न आला. माझ्या मते ते कोणत्याही नियमातून आलेले नव्हते, त्यामुळे ते तत्काळ विकायला हवे होते. आमच्या विभागाचे ज्येष्ठ ट्रेडर म्हणाले, “अहो, भाव काही आपल्या विरोधात नाही. राहू द्या थोडा वेळ.” मी त्यांना म्हटले, “सर, हे करार का घेतले ते मला सांगता येत नाही, त्यामुळे ते कधी विकायचे तेही सांगता येणार नाही.” त्यांनी मान्य केले आणि चारही करार ५६०२.५० ला विकले गेले. सरासरी खरेदी ५६०२.३७५ असल्याने एकूण २५ डॉलरचा नफा झाला.

तासाभरात मार्चचा भाव ५५८९ पर्यंत उतरला आणि परत वर गेला. स्टॉप ५५९१ वरच राहिला असता, तर चार जादा करारांवर सुमारे २,२७५ डॉलर गेले असते, पण ती रक्कम मला तितकी महत्त्वाची वाटत नाही. मूळचे सहा करार बाजाराने न मागता विकले गेले असते, ही खरी हानी होती, आणि ती हिशेबाच्या कोणत्याही रकान्यात ‘चूक’ म्हणून उमटली नसती. तो एक नेहमीचा स्टॉप लागल्यासारखाच दिसला असता.

त्या दिवशी उरलेले काम म्हणजे मालिका मार्चच्या स्पष्ट नावावर, ESH वर, परत आणणे, चुकीच्या नोंदी काढून तिथे मार्चच्या नोंदी भरणे आणि सर्वोच्च भाव ५६५१ वरून ५६३२ करणे. सोमवारचा खरा बदल आम्ही मग हाताशी दोन्ही करारांचे भाव ठेवून केला. प्रथम मार्चचा स्टॉप रद्द केला आणि रद्द झाल्याची पोच येईपर्यंत थांबलो. हा क्रम उलटा केला आणि जुना स्टॉप विसरला गेला, तर हातात काही नसताना तो सहा करार विकून टाकतो आणि नवा, उलट्या दिशेचा सौदा उघडतो. काही सेकंद स्टॉपशिवाय राहणे हा त्यामानाने ओळखीचा धोका आहे.

त्यानंतर मार्चची विक्री आणि जूनची खरेदी दोन स्वतंत्र ऑर्डरींनी न करता कॅलेंडर स्प्रेडच्या एकाच ऑर्डरीने केली. एक्स्चेंजवर दोन करारांच्या भावांतील फरकाचाच वेगळा बाजार असतो, त्यात भाव ०.०५ पॉइंटाच्या टप्प्याने हलतो आणि एक बाजू झाली पण दुसरी राहिली असे होत नाही. स्प्रेडची ‘खरेदी’ म्हणजे जवळचा करार घेणे की दूरचा, हे वायद्यागणिक बदलते, त्यामुळे ते एक्स्चेंजच्या व्याख्येतून तपासूनच ऑर्डर द्यावी लागते. सहापैकी चार आधी झाले, दोन नंतर. तेवढा वेळ प्रोग्रॅमच्या नोंदीत दोन्ही करार एकत्र असायला हवेत, आणि सौद्याची नोंद वायद्याच्या नावावर न ठेवता कराराच्या नावावर ठेवली असेल तरच ते शक्य होते. सरासरी फरक ४७.९० मिळाला आणि त्याच आकड्याने सर्व जुने भाव सरकवले:

```
delta = 47.90
bars_20d += delta
for k in ("peak", "stop", "entry"):
    state[k] += delta
state["stop"] = floor(state["stop"] / 0.25) * 0.25
assert tick.contract == order.contract
```

५५७२ चा स्टॉप त्यामुळे ५६१९.९० होतो, आणि मूळ वायदा पाव पॉइंटाच्या टप्प्याने चालत असल्याने तो ५६१९.७५ वर ठेवला. हा सरकवलेला इतिहास केवळ पातळ्या ओळखण्यासाठी वापरावा. टक्केवारीतील परतावा त्यावर काढला तर तो चुकतो, कारण हालचाल तीच राहते आणि पाया बदललेला असतो. परतावा प्रत्येक कराराच्या मूळ भावांवरच काढावा लागतो.

कोडमधली शेवटची ओळ माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची आहे. पुरवठादाराच्या प्रत्येक संदेशात खऱ्या कराराचे नाव सुरुवातीपासून येत होते, आमचा प्रोग्रॅम तो रकाना वाचून टाकून देत असे. आता ऑर्डर जाण्यापूर्वी ते नाव ऑर्डरीच्या कराराशी ताडले जाते. तफावतीचा इशारा दोन्ही बाजूंनी चालू करावा ही माझी मागणीही मान्य झाली, आणि बैठकीत तेवढे पुरेसे आहे असे काहींचे मत पडले. मी ते मान्य केलेले नाही. व्याजदर शून्याच्या जवळ होते त्या वर्षांत याच वायद्याचा पुढचा करार जवळच्या करारापेक्षा काही पॉइंट खालीच असायचा, आणि व्याज व लाभांश जिथे एकमेकांना खातात तिथे हा फरक एखाद-दुसऱ्या पॉइंटावर येऊ शकतो. त्या परिस्थितीत मार्चचे सौदे जूनच्या भावांवर दिवसभर चालले, तरी लॉगमध्ये खटकण्यासारखी एकही ओळ मिळणार नाही. तिथे कराराचे नाव ताडणे हीच एक तपासणी उपयोगी पडते. आमच्या इतर प्रोग्रॅमांपैकी काहींत ती अजून बसवायची राहिली आहे.