प्लॅन वाढवू, मेश घेऊ की केबल बदलू? सांगलीतला माझा अनुभव

“काका, तुमचा नेटचा प्लॅन छोटा पडतोय. 300 एमबीपीएसचा घ्या.” हे वाक्य मी इंटरनेट कंपनीच्या फोनवर ऐकलं, काउंटरवर ऐकलं आणि दारात आलेल्या पोराकडूनही ऐकलं. अजून कुणी म्हटलं की डोकं उठतं, म्हणून लिहून काढतोय.

आमचं घर गावभागात. 2019च्या पुरात तळमजल्यात पाणी शिरलं, तेव्हापासून महत्त्वाचं सगळं वर गेलंय, फायबरचा डबाही. माझं विम्याचं आणि कर सल्ल्याचं काम मात्र खालच्या खोलीत चालतं. वरच्या डब्यातून एक लॅन केबल बाहेरच्या भिंतीवरून खाली आलीय आणि तिच्यावर जुना राऊटर लावलाय. प्लॅन 200 एमबीपीएसचा. सूनबाई वरच्या मजल्यावरून दिवसभर ऑफिसचे कॉल करते, तिची कधी तक्रार नाही. खाली मात्र पक्षकाराशी व्हिडिओवर बोलताना चित्र चार-पाच सेकंद गोठायचं, परत चालू व्हायचं, परत गोठायचं.

खर्चाला सहा हजार बाजूला काढले होते. मोठ्या प्लॅनला महिन्याला 300 रुपये जास्त, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 354. वर्षाचे 4,248 झाले, आणि ते दरवर्षी. हरभट रोडवरच्या दुकानदाराने घरभर वायफाय पसरवणारा दोन डब्यांचा मेश साडेपाच हजारांना सांगितला. नवीन केबल कुणीच सुचवली नाही. कारण उघड आहे, तिच्यात कुणाला काही सुटत नाही.

आता तो तक्रारीचा प्रकार. टोल फ्रीवर तक्रार नोंदवली की संध्याकाळपर्यंत मेसेज यायचा, तक्रार निवारण झाले. घरी कुणी आलेलं नाही, फोन नाही, आणि निवारण झालेलं! परत नोंदवायचं, परत तेच. शेवटी ऑफिसात जाऊन बसलो तेव्हा एक मुलगा पाठवला. त्याने वर जाऊन फायबर काढून मीटर लावला, लाईट, म्हणजे फायबरमधून येणारा सिग्नल, उणे 19 आली. ती चांगली असते हे मलाही ठाऊक होतं. उणे 25-26च्या पलीकडे गेली की काळजी करायची. मग डब्याशेजारी उभं राहून मोबाईलवर स्पीड टेस्ट केली. 190.

“बघा की, स्पीड येतोय.”

“अरे बाबा, वर येतोयच. खाली चल.”

“खाली वायफाय कमी मिळणारच ओ काका. प्लॅन वाढवून बघा.”

डब्याशेजारी 190 येतात याचा अर्थच असा, की पैसे भरलेला वेग घरात पोचतोय. तो खालपर्यंत पोचत नसेल, तर वर 300 ओतून खाली काय येणार? पाण्याची टाकी मोठी केली म्हणून चोंदलेल्या नळाला धार लागत नाही. हे त्याला सांगितलं. त्याने मान डोलावली आणि तक्रार बंद केली.

म्हणून मीच पुरावा गोळा केला. लॅपटॉपचं वायफाय बंद केलं आणि खालच्या राऊटरला छोट्या वायरने जोडला, म्हणजे वायफायचा प्रश्नच मिटला. मग विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टच्या दोन काळ्या खिडक्या उघडून एकीत वरचा डबा आणि दुसरीत बाहेरचं इंटरनेट सतत तपासायला लावलं:

```
ping -t 192.168.1.1
ping -t 8.8.8.8
```

पहिला पत्ता तुमच्या डब्याचा टाका, तो बहुधा डब्याखालच्या स्टिकरवर असतो. कॉल गोठला की दोन्ही खिडक्यांत एकदम Request timed out यायचं. फक्त दुसरी अडखळली असती तर दोष कंपनीचा. पण इथे पहिलीही थांबत होती, म्हणजे गाडी घराच्या आतच, वर आणि खालच्या मधे अडत होती.

हे मोबाईलवर फोटो काढून ऑफिसात नेलं. काउंटरवरच्या पोराने ते मोठं करून पाहिलं आणि म्हणाला, “काका, घरातली वायरिंग आमच्याकडे येत नाही.” कबूल! नियम त्यांचा बरोबरच आहे. पण मग हे पहिल्या फोनला सांगायला काय जात होतं? त्याऐवजी प्रत्येक वेळी प्लॅन. आणि निघताना परत, “तोपर्यंत 300चा चालू करून देऊ का?”

पुढचं काम घरी. केबलचं खालचं टोक राऊटरमधून काढून थेट लॅपटॉपला लावलं. विंडोजच्या सेटिंगमध्ये Link speed पुढे 100/100 (Mbps) दिसलं, स्पीड टेस्ट 94. हाच लॅपटॉप वर डब्याच्या त्याच पोर्टला छोट्या वायरने लावला, तर 1000/1000 आणि 190 च्या वर. हे करून बघाच, कारण काही डब्यांना एकच पोर्ट गिगाबिट असतो आणि बाकीचे 100चे. तसं असेल तर केबलला उगाच दोष जातो. केबलीत तारांच्या चार जोड्या असतात. गिगाबिटला चारही लागतात, एखादी खराब झाली की दोन्हीकडची यंत्रं बहुतेक वेळा दोन जोड्यांवर, 100 वर उतरतात आणि हाती 94-95 लागतात. नुसतं तेवढंच असतं तर मी हातही लावला नसता, माझ्या कामाला 94 भरपूर. पण इथे जोडणी मधूनच तुटून परत जुळत होती.

केबलचा कनेक्टर उजेडात धरला तर पिनांवर हिरवट थर. केबल पुराआधीची, पुराचं पाणी चढलं तेव्हा हे टोक त्यात होतं. ओळखीच्या वायरमनने वीतभर केबल कापून नवीन कनेक्टर मारला. थोडे दिवस 1000 दिसलं, परत 100. जास्त कापलं तर आतली तांब्याची तारही काळपटलेली. पाणी आवरणाच्या आतून वर चढलेलं. मग आख्खी केबलच बदलली. 25 मीटर, बाहेर उन्हात टिकणारी जाड आवरणाची कॅट 6, मीटरला 30 प्रमाणे 750. कनेक्टर, पाईप आणि मजुरी धरून दोन हजारांच्या आत. दोन्ही खिडक्या दिवसभर चालू ठेवल्या, एकही ओळ चुकली नाही.

मेशवाल्या दुकानदाराला मी वाईट म्हणणार नाही. केबलवर सगळं नीट चालत असेल आणि एखाद्या खोलीत मोबाईलच रडत असेल, किंवा भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडता येत नसेल, तर मेशच घ्यावा. पण आमच्याकडे मधे स्लॅब आणि जुन्या जाड भिंती. दोन डबे एकमेकांशी वायफायवर बोलणार ते याच्यातूनच. ते केबलने जोडले असते, तर त्याच सडक्या केबलने, आणि कॉल तसाच गोठला असता.

प्लॅन वाढवायचा तो, दोन्ही खिडक्या रिकाम्या वेळी स्वच्छ असतील, पण घरात कुणी फोटो-व्हिडिओ वर चढवायला लागलं की सगळ्यांचंच अडतं तेव्हा. तिथेही आधी नव्या प्लॅनचा अपलोड किती ते विचारा, जाहिरातीतला मोठा आकडा डाउनलोडचा असू शकतो.

केबल घेताना राहिलंच: “प्युअर कॉपर” मागा आणि टोक खरवडून बघा. स्वस्तात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली मिळते, आतून पांढरी दिसते, ती घेऊ नका. विजेच्या वायरच्या पाईपातून ओढू नका, वायरमन “एकाच पाईपात होतंय की” म्हणेल तरी वेगळा पाईप टाकायला लावा. आणि खालचं टोक आम्ही आता पुराच्या खुणेच्या हातभर वर भिंतीत बसवलंय.