तारेतले दोन जादा शब्द

पुण्यातल्या एका अनुवाद कार्यशाळेत मी दरवर्षी एक तास उताऱ्यांच्या तुलनेसाठी राखून ठेवतो. या वेळी उतारा होता आल्बेर काम्यूच्या १९४२ सालच्या ‘लेत्रांजे’ या फ्रेंच कादंबरीचा पहिला परिच्छेद. वृद्धाश्रमाकडून आईच्या मृत्यूची तार आलीय आणि मृत्यू आज झाला की काल हे मुलाला कळत नाही, एवढाच प्रसंग. तारेसकट जेमतेम पाच वाक्यं. त्याची दोन इंग्रजी भाषांतरं मी निवडली होती, स्टुअर्ट गिल्बर्टचं १९४६चं आणि मॅथ्यू वॉर्डचं १९८८चं. दोन्ही कागदांवरून भाषांतरकारांची नावं काढून फक्त ‘अ’ आणि ‘ब’ लिहिलं. नावं आणि सालं दिसली की लोक जुनं वाईट, नवं चांगलं असं आधीच ठरवून मोकळे होतात.

सहभागी बारा जण. सहा जणांना ‘अ’ दिला, सहा जणांना ‘ब’. मूळ उतारा अजून कुणालाच दाखवला नव्हता. प्रश्न एकच होता: हा माणूस कोण असेल, ते दोन ओळींत लिहा. ‘अ’वाल्यांनी लिहिलं: शिकलेला, जपून बोलणारा, बहुधा वकील किंवा कारकून, आईशी फारसं सख्य नसलेला. ‘ब’वाल्यांनी लिहिलं: तरुण, सुन्न झालेला, आईचा लाडका असावा. एकाच परिच्छेदातून दोन माणसं निघाली.

मग मूळ फळ्यावर घेतलं. प्रत्येक वाक्याला क्रमांक दिला आणि त्याखाली दोन्ही भाषांतरांतली ओळ लिहिली. कंटाळवाणं काम आहे, पण ते टाळलं की चर्चा ‘मला हे जास्त भावलं’ याच्या पुढे सरकत नाही.

मुळात वाक्यं पाच, त्यातल्या तिसऱ्याच्या पोटात तार. ‘ब’मध्ये, म्हणजे वॉर्डकडे, पाच. ‘अ’मध्ये, म्हणजे गिल्बर्टकडे, चार, आणि दोन ठिकाणी अर्धविराम. काम्यूची वाक्यं एकमेकांना हात न लावता उभी असतात. ‘याला काही अर्थ नाही. कदाचित काल असेल.’ एवढंच. गिल्बर्टने ही दोन वाक्यं जोडली: ‘विच लीव्ह्ज द मॅटर डाउटफुल; इट कुड हॅव बीन येस्टर्डे.’ मुळातलं ‘अर्थ नाही’ जाऊन तिथे ‘बाब संशयास्पद राहते’ आलं. वकील म्हणणाऱ्यांना तो वकील इथेच भेटला होता. आणखी एक गोष्ट तक्ता केल्यावरच दिसली. मुळात ‘मला आश्रमाकडून तार आली’ असं आहे, गिल्बर्टकडे ‘आश्रमाची तार म्हणते’. ‘मी’ तिथून निघून गेला.

पण खरी मेख तारेत होती. फ्रेंचमध्ये ती अशी: ‘मेर देसेदे. आंतेरमाँ दमँ. सांतिमाँ दिस्तँगे.’ आई मृत, दफन उद्या, आणि शेवटी पत्राखाली घालतात तो ठरावीक समारोप. गिल्बर्टने त्याचं ‘डीप सिंपथी’ केलं, वॉर्डने ‘फेथफुली युअर्स’.

सहभागींत तार खात्यातून निवृत्त झालेले एक काका होते. तोवर गप्प होते. ते म्हणाले, “सर, तारेला शब्दागणिक पैसे पडायचे. ‘मदर एक्स्पायर्ड, स्टार्ट इमिजिएटली’ एवढ्यात लोक भागवायचे. मेल्याच्या तारेत ‘आपला विश्वासू’ घालायला पैसे कोण मोजतो?”

मी इतकी वर्षं हा उतारा शिकवतोय, पण हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. बातमी सांगताना आश्रम एकेक शब्द वाचवतो, क्रियापदही गाळतो, आणि उरलेले दोन शब्द कचेरीच्या शिष्टाचारावर खर्च करतो. सांत्वनाला एकही नाही. म्हणजे भावनाशून्य असण्याचा पहिला मान नायक मर्सोचा नाहीच, तो संस्थेचा आहे. गिल्बर्टने तिथे सहानुभूती घातल्याबरोबर पारडं फिरतं. जग हळहळतंय आणि मुलगा तारखेची शहानिशा करतोय, असं चित्र उभं राहतं. पुढे मर्सोवर खुनाचा खटला चालतो. ज्या कोर्टात तो आईच्या दफनाच्या वेळी रडला नाही म्हणून माणसातून उठवला जातो, त्या कोर्टाचा पुरावा भाषांतरकाराने तिसऱ्याच वाक्यात तयार करून दिला.

आता ‘मामाँ’. फ्रेंचमध्ये मर्सो आईला ‘मामाँ’ म्हणतो, तारेत मात्र ‘मेर’ आहे. खटल्याच्या प्रकरणांतही हा भेद टिकतो. सरकारी वकील ज्युरींना थेट सांगतो तेव्हा ‘त्याची आई’ म्हणताना ‘मेर’ वापरतो. आश्रमाच्या संचालकाची साक्ष मर्सो आपल्या शब्दांत सांगतो, तेव्हा ‘मी मामाँला पाहायला नको म्हणालो’ असं येतं. आरोपाचं वाक्य दुसऱ्याचं, पण त्यातला शब्द त्याचा स्वतःचा. गिल्बर्टकडे सगळीकडे ‘मदर’ असल्यामुळे ही फट बुजते. वॉर्डने ‘मामाँ’ तसंच ठेवलं, त्यामुळे फट राहते. पण इंग्रजी वाचकाला तो परका शब्द लागतो, घरातला नाही. त्याची किंमत वॉर्डही मोजतोच.

एका शब्दावरून कादंबरीचा निकाल लावायचा नाही, हे मी दर वेळी बजावतो. भाषांतरकाराची एखादी निवड सवय आहे की अपघात, हे दुसऱ्या जागी तपासायचं. म्हणून पहिल्या भागाचा शेवट काढला, गोळीबारानंतरचा. मुळात: ‘आणि ते जणू दुर्दैवाच्या दारावर मी दिलेले चार आखूड ठोके होते.’ वॉर्डने ‘जणू’ ठेवलं, ‘चार’ ठेवलं, ठोके झटपटच ठेवले. गिल्बर्टकडे ‘चार’ गेलं, ‘जणू’ गेलं, आखूड ठोका ‘लाउड, फेटफुल’ झाला आणि दार ‘माझ्या सर्वनाशाचं’ झालं. तीच सवय. जिथे काम्यू कोरा राहतो, तिथे गिल्बर्ट अर्थ भरतो. एक मात्र त्याच्या बाजूने सांगायला हवं. इंग्रजीत ही कादंबरी त्यानेच पहिल्यांदा आणली, आणि असा कोरा निवेदक वाचकाच्या गळी उतरेल का, ही काळजी त्याला असणं समजण्यासारखं आहे.

दोघंही एका ठिकाणी सारखेच अडले. मुळातला पहिला शब्द ‘आज’ आहे. दोघांनी तो वाक्याच्या शेवटी नेला. मराठीत ती अडचणच नाही, ‘आज आई’ सहज होतं. तारेत ‘मातोश्रींचे निधन. अंत्यविधी उद्या. आपला विश्वासू.’ आणि मुलाच्या तोंडी ‘आई’. ‘मामाँ’ आणि ‘मेर’ यांचा भेद मराठीला फुकटात मिळतो. वर, मातोश्री आदरार्थी अनेकवचनी आणि आई एकेरी, त्यामुळे क्रियापदातही तो उतरतो.

मराठीची पंचाईत त्या क्रियापदातच आहे. ‘ए मॉर्त’ हे फ्रेंचमध्ये साधं, सपाट आहे. ‘आज आई मेली’ म्हणावं तर मर्सो पहिल्याच वाक्यात दोषी ठरतो, आपल्या आईबद्दल असं कुणी बोलत नाही. ‘गेली’ म्हणावं तर आवंढा ऐकू येतो, शिवाय कुठे गेली असाही क्षणभर प्रश्न पडतो. ‘निधन झालं’ हे वर्तमानपत्राचं. बारापैकी सात जणांनी ‘वारली’ घेतलं. माझाही कौल तिकडेच आहे, कारण त्यात बातमी आहे आणि रडं नाही. काका मात्र ‘गेली’वर अडून बसले. तार वाचून दाखवल्यावर लोक घरात हाच शब्द बोलायचे, असं त्यांचं म्हणणं होतं.