कान स्वच्छ, तरीही दुखणारा

गेल्या हिवाळ्यात माझा उजवा कान दुखू लागला आणि त्याला कायम दडा बसल्यासारखे वाटू लागले. इंदूरच्या एका मोठ्या रुग्णालयातील कान-नाक-घसा विभागात मी तीन वेळा गेलो. प्रत्येक वेळी दोन-अडीच तास रांगेत बसल्यावर दोन मिनिटांची तपासणी झाली. पडदा स्वच्छ होता, मळ नव्हता, ऐकण्याची चाचणी उत्तम होती आणि पडद्यामागचा दाब पाहणारी टिंपॅनोमेट्रीही नॉर्मल आली. तरीही 'कानात काहीच नाही' असे सांगून हातावर कानाचेच थेंब ठेवले जात. कानात काही नसेल तर थेंब कशासाठी, हे मी तिसऱ्या खेपेस विचारले, तेव्हा पुढच्या रुग्णाचे नाव पुकारले गेले. तो राग अजून गेलेला नाही, कारण चावताना दुखते का, सकाळी जबडा आखडतो का, हे दोनच प्रश्न विचारले असते तरी माझे तीन महिने वाचले असते. सराफा बाजारात गराडू, म्हणजे तळलेला कंद, खाताना कळ वाढे, पण त्याचा कानाशी संबंध असेल असे मला सुचले नव्हते.

दाढ दाखवायला गेलो असता आमच्या दंतवैद्यांनी कानापुढे बोटे ठेवून तोंड उघडायला सांगितले. खट्ट असा आवाज आला आणि खालचा जबडा उजवीकडे सरकला. मग त्यांनी गालाचा चावण्याचा स्नायू दाबला आणि विचारले, "हेच ना तुमचं कानाचं दुखणं?" अगदी तेच होते. दाबल्यावर केवळ दुखणे पुरेसे नसते, रोजचीच ओळखीची कळ उठली पाहिजे, असे त्यांनी सांगितले. जबड्याच्या सांध्याला आणि कानाच्या पुढच्या भागाला एकाच मज्जातंतूच्या शाखा जातात, त्यामुळे सांध्याची वेदना कानात जाणवते.

उपाय साधे होते: मऊ जेवण, सुपारी बंद, गालावर दिवसातून दोनदा पंधरा मिनिटे कोमट शेक आणि ओठ मिटलेले असले तरी दातांवर दात टेकू न देणे. झोपेत मी दात आवळत असल्याने झोपताना दातांवर बसवायचा मापाचा नाईट गार्डही करून घेतला. दात कायमचे घासून वरखालच्या दातांचा चावा 'बसवण्याचा' सल्ला कोणी दिला, तर तो सुरुवातीला मुळीच मानू नये.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. कानाची तपासणी टाळू नये. एका बाजूचे दुखणे टिकून राहिले, विशेषतः तंबाखू खाणाऱ्याचे, तर कान स्वच्छ असला तरी घसा तपासून घ्यावा. अचानक ऐकू येणे कमी झाले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

माझी कळ महिन्याभरात ओसरली, दडा मात्र सर्वांत शेवटी, दोन महिन्यांनी सुटला.