तुम्ही विचारलंत म्हणून: न दिसणारी वस्तू विकताना

"ताई, इन्शुरन्स हातात घेऊन बघता येत नाही, वापरूनही बघता येत नाही, मग लोक तुमच्यावर विश्वास ठेवून पैसे भरतात तरी कसे?"

मी क्लेमचा दिवस आधी दाखवते. बहुतेक एजंट मॅच्युरिटीचा आकडा दाखवतात, कारण तो गोड वाटतो. आता वर्षाला 50,000 असे 20 वर्षं भरले, म्हणजे 10 लाख, आणि शेवटी साधारण साडेसोळा लाख मिळाले तर ऐकायला मस्त वाटतं, पण हिशोब केला की वर्षाला जेमतेम साडेचार टक्के पडतात. हा हिशोब गिऱ्हाईक आज ना उद्या करतोच, मग तो मीच आधी करून दिलेला बरा.

टर्म प्लॅनमध्ये तर तेही नाही, माणूस जगला तर साध्या प्लॅनमध्ये काहीच परत मिळत नाही. तिथे विकायचं आहे ते एकच, की हा माणूस नसेल तेव्हा पैसे खरंच येतील. आणि ते पैसे आणायला तो स्वतः नसणार, त्याची बायको जाणार. म्हणून मी सरळ सांगते, वहिनी घरी असतील तेव्हाच येते.

मागे एका हार्डवेअर दुकानदाराकडे गेले होते. वय 38, दोन मुलं, दुकानावर कर्ज, त्याला 50 लाखांचा टर्म हवा होता. मी कागदावर लिहून दिलं की वहिनींना काय काय लागेल: क्लेम फॉर्म, मृत्यूचा दाखला, पॉलिसीचा कागद, त्यांचं ओळखपत्र, कॅन्सल चेक. आणि पहिल्या तीन वर्षांत काही झालं तर कंपनी चौकशी करते, हॉस्पिटलचे जुने पेपर मागते, फॉर्ममध्ये लिहिलेलं खरं होतं का ते बघते, हेही सांगितलं.

मग प्रपोजल फॉर्म भरायला घेतला, तंबाखूचा प्रश्न आला तर तो म्हणाला, "नाही लिहा, दुसऱ्या एजंटने नाहीच लिहायला सांगितलंय." त्याला रोज गायछाप लागते हे टेबलावरची चुन्याची डबीच सांगत होती. हो लिहिलं की प्रीमियम जवळजवळ दीडपट होणार होता, आणि तो दुसऱ्याकडे जाईल ही भीती असतेच. त्याचं म्हणणं होतं, "तीन वर्षं झाली की कंपनी काही विचारू शकत नाही ना?" ते खरं आहे, विमा कायद्याचं कलम 45 तसंच आहे, पण तीन वर्षांच्या आत काही झालं तर? शिवाय हप्ता चुकून पॉलिसी बंद पडली आणि पुन्हा चालू केली तर ती तीन वर्षं तिथून परत मोजतात. आणि मेडिकलमध्ये निकोटिनची खूण तपासतात, ती लघवीत सापडली की लगेच खोटं उघडं पडतं. हे सगळं त्याच्यापेक्षा वहिनींनी जास्त नीट ऐकलं, आणि म्हणाल्या, "लिहा हो, वाढू दे हप्ता."

विश्वास बसतो तो इथे, असं मला मनापासून वाटतं. कारण मी माझं नुकसान होईल असं काहीतरी त्यांच्यासमोर लिहिलं. उलट बँकेच्या काउंटरवर विश्वास आयता असतो आणि तो वापरून घेतात, एफडी करायला गेलेल्या म्हाताऱ्या माणसाला दरवर्षी भरायची पॉलिसी देतात आणि सांगतात, कंपनीचा फोन येईल, सगळ्याला हो म्हणा. ते "हो" रेकॉर्ड होतं आणि पुढे तक्रार केली की तेच ऐकवतात. असं कोणी सांगितलं की समजा काहीतरी लपवलंय. पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवसांत परत करता येते, थोडीफार कपात होऊन पैसे मिळतात. हे मी डिलिव्हरीच्या दिवशी स्वतःहून सांगते, माझं कमिशन गेलं तरी चालेल.

त्या दुकानदाराच्या घरी मी निघायला उठले तर वहिनींनी विचारलं, "दुकानाचं कर्ज आहे, हे पैसे बँकवाले घेऊन जाणार नाहीत ना?" इतका नेमका प्रश्न क्वचित कोणी विचारतं. त्यावर उपाय आहे, 1874 चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा. त्याखाली पॉलिसी घेतली की रक्कम बायको-मुलांचीच, धनकोंना त्यावर हात टाकता येत नाही. फक्त हे पॉलिसी घेतानाच करावं लागतं, नंतर जोडता येत नाही, आणि पुढे नवऱ्यालाही ती गहाण टाकून कर्ज काढता येत नाही. ही दुसरी बाजू सांगितल्यावर तो जरा विचारात पडला, दुकानाला कधी पैसे लागले तर? मग दोघं आत जाऊन बोलले, आणि बाहेर येऊन त्याने वेगळा फॉर्म मागितला, त्यात बायको आणि दोन्ही मुलांची नावं घातली.