तासाला किती, ते आधी ठरवा

तुम्ही विचारलंत: “छपाईचं काम घेताना कागद, प्लेट, बाइंडिंग जोडतो आणि वर पंचवीस टक्के लावतो. मशीन रोज चालतं, तरी महिनाअखेर हातात काही राहत नाही. भाडं, वीज, पगार प्रत्येक कामावर लावायचे कसे?”

गडबड त्या पंचवीस टक्क्यांतच आहे. भाडं आणि पगार कागदाच्या किमतीवर वाढत नाहीत, ते वेळेवर वाढतात. तुमच्या हिशेबात महागडा आर्ट पेपर असला की वरकड खर्च दुप्पट लागतो आणि काम दुसऱ्या प्रेसकडे जातं. गिऱ्हाइकानं स्वतःचा कागद आणला की टक्के लावायला रक्कमच उरत नाही. मशीन मात्र दोन्ही वेळा तेवढेच तास अडकलेलं असतं. म्हणून वरकड खर्च मशीनच्या तासावर लावायचा.

एका रंगाचं १९×२६ ऑफसेट मशीन असलेली छोटी प्रेस घेऊ. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. महिन्याचं भाडं १८,०००, मशीनमन आणि हेल्पर मिळून ३२,०००, वीज ७,०००, रोलर-ब्लँकेट आणि दुरुस्ती ५,०००, फोन, हिशेबनीस, टेम्पो वगैरे किरकोळ ४,५००. मशीन नऊ लाखांचं आणि दहा वर्षं चालेल असं धरलं, तर घसारा महिना ७,५००. कर्ज असेल तर हप्त्यातलं फक्त व्याज धरा; मुद्दल आणि घसारा दोन्ही धरलेत तर एकच मशीन दोनदा मोजलं जातं. इथे कर्ज नाही असं समजू. शेवटी मालकाचा पगार ३०,०००. हा आकडा लोक हमखास विसरतात, आणि “हातात काही राहत नाही” याचं अर्धं उत्तर तिथेच असतं. बेरीज १,०४,०००.

आता भागायचं कशानं? प्रेस २६ दिवस, रोज आठ तास उघडी, म्हणजे २०८ तास. त्यानं भागलं तर तासाला ५०० येतात आणि दर छान स्वस्त दिसतो. पण प्रूफ पास व्हायची वाट, वीज गेली, प्लेट आली नाही, काम नाही, हे सगळं त्या २०८ तासांत आहे. मशीन एखाद्या कामाच्या नावावर खरोखर अडकलेलं असतं ते १३० तास, त्यात प्लेट लावण्याचा वेळही आला. १,०४,००० भागिले १३० म्हणजे तासाला ८००. जो ५०० नं दर लावतो तो दर तासाला ३०० सोडतो. १३० तासांचे ३९,०००. दिवसभर मशीन चालूनही गल्ला रिकामा राहतो तो असा.

एक काम करून बघू. पतसंस्थेचा वार्षिक अहवाल, डेमी १/८ आकार, आत ३२ पानं एका रंगात, ५०० प्रती, रंगीत कव्हर. सोळा पानांचे दोन फॉर्म झाले, म्हणजे प्रत्येक प्रतीला १८×२३ चे दोन कागद, किंवा २३×३६ चा एक. निव्वळ ५०० कागद लागतात, पण शाई-पाणी जुळेपर्यंत कागद वाया जातोच, म्हणून ५६० धरा. ७० जीएसएम मॅप्लिथोच्या २३×३६ रीमचं वजन १८.७ किलो भरतं (लांबी × रुंदी इंचात × जीएसएम × ५००, भागिले १५,५०,०००). ५६० कागदांचे झाले २१ किलो. किलोला ९० नं १,८९०. चार प्लेटचे १,०००, शाई १५०, डीटीपी पानाला ६० प्रमाणे १,९२०, कव्हर लॅमिनेशनसह बाहेरून ३,२००, फोल्डिंग आणि सेंटर पिन प्रतीला अडीच रुपये, म्हणजे १,२५०. एकूण थेट खर्च ९,४१०. जीएसटीचं क्रेडिट मिळत असेल तर हे सगळे आकडे कर वगळून धरा. मिळत नसेल तर भरलेला कर हाही खर्चच.

आता मशीनचा वेळ. प्लेट लावणं, रजिस्टर जुळवणं, शाई सेट करणं याला प्लेटमागे अर्धा तास, चार प्लेटचे दोन तास. छपाई ५६० च्या चार फेऱ्या, म्हणजे २,२४० इंप्रेशन. तासाला ३,५०० च्या वेगानं जेमतेम ४० मिनिटं. धुलाई वगैरे २० मिनिटं. तीन तास, ८०० नं २,४००. मशीनमनचा पगार यात आलेलाच आहे, तो पुन्हा मजुरी म्हणून लावू नका. एकूण खर्च ११,८१०.

विक्रीवर पंधरा टक्के नफा हवा असेल तर ११,८१० ला ०.८५ नं भागायचं: १३,८९४, म्हणजे १३,९०० सांगा, जीएसटी वेगळा. खर्चावर पंधरा टक्के चढवले तर १३,५८२ येतात आणि विक्रीवर नफा तेरा टक्क्यांवर उतरतो.

प्रतीला २७ रुपये ८० पैसे पडले. हा आकडा कोटेशनमध्ये लिहू नका, निदान प्रतींची संख्या जोडल्याशिवाय तरी नाही. कारण पुढच्या वर्षी तेच गिऱ्हाईक “अडीचशेच द्या, दर तोच” म्हणत येतं. अडीचशेलाही प्लेट चारच, डीटीपी तेवढंच, मेकरेडीचे दोन तास तेच. तीनातले दोन तास एकही चांगला कागद बाहेर येण्याआधीच संपतात. फक्त कागद, शाई, बाइंडिंग आणि थोडं कव्हर कमी होतं. बाहेरून कव्हर २,६०० ला मिळालं तर खर्च साडेनऊ हजारांच्या घरात राहतो. जुन्या दरानं तुम्हाला मिळणार ६,९५०.

गिऱ्हाइकानं स्वतःचा कागद दिला तर कोटेशनमधून कागदाचे पैसे तेवढे वजा करा, मशीनच्या २,४०० ला हात लावू नका. आणि मागताना ५६० मागा, ५०० नाही. शेवटच्या साठ कागदांवरून वाद होतात.

काम संपल्यावर जॉब कार्डावर खरा वेळ मशीनमनकडून त्याच दिवशी लिहून घ्या; आठवड्यानं विचारलंत तर तो “तीनच तास” म्हणेल. तीनाचे साडेचार झाले असतील तर कारणही लिहा. बहुतेकदा प्लेट झाल्यावर ताळेबंदात एखादा आकडा बदललेला असतो. ती जादा प्लेट आणि अर्धा तास बिलात वेगळा दाखवा. दोन प्रूफनंतरची दुरुस्ती आकारली जाईल हे कोटेशनमध्ये आधीच छापलेलं असलं की कुणी हुज्जत घालत नाही.

महिनाअखेर सगळ्या कार्डांचे तास जोडून ८०० नं गुणा. ११० तासच भरले तर ८८,००० वसूल झाले, १६,००० कमी पडले. म्हणून लगेच दर वाढवू नका. पावसाळ्यातल्या मंद महिन्यावरून दर काढला तर तो इतका चढेल की उरलेलं कामही जाईल. लग्नसराई आणि मार्च धरून वर्षाची सरासरी घ्या.

मंदीत मशीन रिकामं असताना ८०० पेक्षा कमी दरानं काम घेणं चूक नाही. भाडं तसंही जाणारच आहे. या अहवालापुरती खालची रेघ ९,४१०, अधिक वीज आणि वॉश. पण ती सूट नेहमीच्या गिऱ्हाइकाला कोटेशनच्या दरात देऊ नका, बिलात ‘या कामापुरती सूट’ म्हणून वेगळ्या ओळीत दाखवा, म्हणजे मार्चमध्ये मूळ दर सांगता येतो.