बेसिक पॅकेजमध्ये आलेला सातबारा

सकाळी वेबसाइटवरच्या फॉर्ममधून चौकशी आली: मराठीतून इंग्रजी भाषांतर, 'बेसिक' पॅकेज, आजच हवं. बेसिक म्हणजे १००० शब्दांपर्यंत २००० रुपये. सोबत सातबारा, आठ-अ आणि एका जुन्या हस्तलिखित फेरफाराचे मोबाइलवर काढलेले फोटो. फोटोतले शब्द वर्ड मोजत नाही, म्हणून हाताने अंदाज घेतला. तिन्ही मिळून जेमतेम ६०० भरले. पॅकेजच्या हिशोबात सगळं चोख बसत होतं, पण काम तसं नव्हतं. सातबाऱ्यात शब्द थोडे आणि रकाने फार. तक्ता जसाच्या तसा उभा करायचा, शिक्का आणि सही कुठे आहे तेही लिहायचं, आणि फेरफारातलं तलाठ्याचं अक्षर लावायचं. त्यातच अर्धा दिवस जातो.

मी फोन केला. "कागद कुठे द्यायचेत?"

"यूकेच्या व्हिसाला, मॅडम. आईबाबा मुलाकडे चाललेत. उद्या अपॉइंटमेंट आहे."

हे फॉर्ममध्ये कुठेच नव्हतं, कारण तसा प्रश्नच तिथे नव्हता. यूकेच्या व्हिसासाठी भाषांतरासोबत ते मूळ कागदाशी जुळतं असं भाषांतरकाराचं निवेदन लागतं. त्यावर तारीख, पूर्ण नाव, सही आणि संपर्काचा तपशील हवा. तेवढं नसेल तर उत्तम भाषांतरही तिथे कामाचं नाही.

दर पानावर ठरवला. त्यांनी कुरकुर केली, शेवटचं पान अर्धं रिकामं आहे म्हणाले. मग विचारलं, "असलं काम आधी केलंय का? साइटवर तर नुसते लेखच दिसतात." प्रश्न रास्त होता. पण दुसऱ्या कुणाचा सातबारा मी नमुना म्हणून कसा दाखवणार? नावं खोडली तरी गट नंबरवरून माणूस सापडतो.

दुपारी मसुदा पाठवला तर दुसराच आग्रह: "०.८१ हेक्टर कशाला, दोन एकर लिहा की. पोराला तेच कळतं." मी नाही म्हटलं. हिशोब साधारण बरोबर असला तरी कागदावर एकर नाही, आणि खाली सही माझी आहे. ते सोबतच्या पत्रात खुशाल लिहा, असं सांगितलं. संध्याकाळी सही केलेली प्रत घ्यायला मुलगी आली. नावांची स्पेलिंगं पासपोर्टशी ताडून बघायला मीच तिला समोर बसवलं. एका कागदावर बाबांचं आडनाव वेगळं लिहिलेलं होतं. ते तसंच ठेवून खाली भाषांतरकाराची टीप दिली.

रात्री साइट उघडली. शब्दांची पॅकेजं लेख आणि माहितीपत्रकांपुरती ठेवली, वैयक्तिक कागदपत्रांचा दर पानावर नेला. फॉर्ममध्ये 'कागद कुठे सादर करायचे?' हा रकाना सक्तीचा केला. नमुन्यासाठी कल्पित गाव आणि कल्पित खातेदार घालून एक सातबारा टाइप केला, शेजारी त्याचं इंग्रजी मांडलं आणि दोन्हींवर आडवं, मोठ्या अक्षरात 'नमुना' छापलं.