मोशन ब्लर, नोंद ३: रिक्षाची कड आणि मागची भिंत

चाचणीचा सीन तोच: स्थिर भिंत, तिच्यासमोरून आडवी जाणारी रिक्षा, कॅमेरा आधी स्थिर आणि नंतर पॅन होणारा. १०८०p, ६० एफपीएस. रिक्षा एका फ्रेममध्ये २० पिक्सेल सरकते. शटर १८० अंशांचं धरलं, म्हणजे फ्रेमच्या अर्ध्या वेळात १० पिक्सेल, आणि मधल्या बिंदूपासून दोन्हीकडे ५. पुढचे सगळे वेग हे असे अर्धे अंतर धरून आहेत.

जुनी पद्धत, म्हणजे प्रत्येक पिक्सेलने स्वतःच्या वेगाच्या दिशेने सॅम्पल घेणं, इथे हमखास फसते. भिंतीच्या पिक्सेलचा वेग शून्य, त्यामुळे तो रिक्षाकडे बघतच नाही. रिक्षा आतून धूसर होते आणि बाहेरची कड कात्रीने कापल्यासारखी राहते. म्हणून मॅकग्वायर आणि सहकाऱ्यांचा २०१२ चा फिल्टर घेतला आहे. स्क्रीनच्या २०×२० पिक्सेलच्या टाइल करायच्या, प्रत्येक टाइलमधला सर्वांत मोठा वेग काढायचा, मग शेजारच्या आठ टाइल धरून पुन्हा सर्वांत मोठा घ्यायचा. सॅम्पल त्या वेगाच्या दिशेने घ्यायचे. वेग २० पिक्सेलवर कापणं सक्तीचं आहे. त्याहून लांबचा ब्लर शेजारच्या टाइलपलीकडे जातो आणि चौकोन दिसू लागतात.

कड सांभाळण्याचं खरं काम वजनं करतात. X हा मधला पिक्सेल, Y हा सॅम्पल, d हे दोघांतलं अंतर. Z कॅमेऱ्यापासून मीटरमध्ये, दूर जाईल तसा वाढणारा. ext म्हणजे किती मीटरच्या खोलीफरकात ‘पुढे-मागे’चा निकाल हळूहळू बदलायचा:

```glsl
float zCmp(float a, float b) {
  return clamp(1.0 - (a - b) / ext, 0.0, 1.0);
}
float cone(float d, float v) {
  return clamp(1.0 - d / max(v, 0.01), 0.0, 1.0);
}
w = zCmp(zY, zX) * cone(d, vY)
  + zCmp(zX, zY) * cone(d, vX);
```

w ची पहिली ओळ विचारते: Y पुढे आहे का, आणि त्याचा वेग X पर्यंत पोचतो का? दुसरी विचारते: Y मागे आहे का, आणि X इतका हलतोय का की त्याच्या जागी मागचं दिसावं? दोन्ही पिक्सेल एकाच वेळी धूसर असतील तर मूळ फिल्टरमध्ये तिसरं पदही आहे. कडेच्या प्रश्नात ते गौण.

आता पॅन. कॅमेरा भिंतीसमोरून चालणाऱ्या एका पात्राबरोबर वळतो, त्यामुळे पात्र स्क्रीनवर स्थिर, भिंत ±६ ने सरकते. पात्राशेजारच्या भिंतीच्या पिक्सेलसाठी सॅम्पल पात्रावर पडला, तर पहिल्या पदात पात्राचा वेग शून्य म्हणून cone शून्य, आणि पात्र दोन मीटर पुढे असल्याने दुसरं पदही शून्य. शर्टाचा रंग भिंतीवर ओघळत नाही. मात्र ext काही सेंटिमीटरच ठेवा. अर्धा मीटर केलात तर भिंतीला टेकून उभं असलेलं पात्र लगेच ओघळतं.

या खेपेचा बग मध्याच्या वजनात सापडला. मूळ सूत्रात मधल्या पिक्सेलचं वजन १/वेग आहे, वेगाची किमान मर्यादा ०.५, म्हणजे स्थिर भिंतीला २. १५ सॅम्पल घेतले आणि रिक्षाच्या कडेपासून १ पिक्सेल बाहेर पाहिलं, तर रिक्षावरच्या सॅम्पलांची वजनं मिळून २.१४ होतात. रिक्षाचा वाटा २.१४/४.१४, सुमारे ५२ टक्के. खरा वाटा ४० हवा; डोळ्याला चालतं. पण नॉइज कमी करायला सॅम्पल ३१ केले की तीच बेरीज ५.२ होते, मध्य २ वरच राहतो आणि वाटा ७२ टक्के! रिक्षा बाहेरच्या बाजूला फुगते. दर्जा वाढवल्यावर कड जाड झाली, तर आधी इथेच बघा. मध्याचं वजन सॅम्पलसंख्या/१५ ने गुणलं की वाटा ५६ टक्क्यांवर येतो. २०१४ च्या सुधारित फिल्टरमध्येही मध्याचं वजन सॅम्पलसंख्येच्या प्रमाणात आहे.

व्हेलॉसिटी बफरचे तीन सापळे. एक, टीएएसाठी कडेबाहेर फुगवलेला वेग इथे वापरू नका, सिल्हूटभोवती पिक्सेलभर वलय येतं. दोन, आधीच्या आणि आताच्या दोन्ही मॅट्रिक्समधून जिटर काढा. तीन, स्किन केलेल्या पात्राला मागच्या फ्रेमची हाडंही द्या, नाहीतर धड धूसर आणि हलणारे हात लखलखीत दिसतात.

रिक्षाची चाकं अजून खटकतात. चाक फिरतं, रिक्षा आडवी जाते. टाइल मात्र एकच दिशा निवडते, त्यामुळे आरेही आडवे पुसले जातात. पुढच्या खेपेला निम्मे सॅम्पल टाइलच्या दिशेने आणि निम्मे पिक्सेलच्या स्वतःच्या वेगाने घ्यायचे आहेत.